आईचा शालू आईला कुणी घेतला होता?

पत्र: ताई, नमस्कार. मी कराडची. चार-पाच वर्षं कथा लिहिते आहे, दोन छापूनही आल्या. सोबतची तिसरी मात्र दोन दिवाळी अंकांकडून परत आली. एका संपादकांनी फक्त एवढंच लिहिलं, ‘शेवट पटत नाही.’ लग्नाच्या सकाळी मृण्मयीसमोर दोन साड्या आहेत. एक आईने दिलेला स्वतःच्या लग्नातला पैठणी शालू, दुसरा सासूने आणलेला भारीतला नवा शालू. ती आरशासमोर बसून विचार करते, लहानपण आठवतं, शेवटी लग्नाला आईचा आणि रिसेप्शनला सासूचा नेसते. दोघींच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्या वाचनगटातल्या सगळ्या बायका रडल्या, मग संपादकांना काय पटलं नसेल? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

उत्तर:

वाईट थोडं वाटेलच, पण तुम्ही पूर्ण कथा पाठवलीत म्हणून नीट बोलता येईल.

आधी मला सांगा, मृण्मयीचं ब्लाउज कुणी शिवलं आणि कधी?

हा प्रश्न मी चेष्टेने विचारत नाहीये. लग्नाच्या सकाळी साडेआठला मुलगी आरशासमोर बसून कुठली साडी नेसू म्हणून विचार करते, हे चित्र आपण सगळ्यांनी इतक्या वेळा पाहिलंय की खरं वाटायला लागतं. तुम्ही स्वतः लग्न झालेल्या आहात, तेव्हा आठवून बघा. त्या सकाळी खोलीत मेकअपवाली असते, दोन मावशा असतात, एक आतेबहीण पिनांचं पाकीट शोधत असते आणि दाराबाहेरून कुणीतरी दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ म्हणून विचारत असतं. तिथे ठरवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. शालूला फॉल लागून पिको झालेला असतो, ब्लाउज शिवून आलेलं असतं, त्या रंगाचा परकर आणलेला असतो, बांगड्या भरून झालेल्या असतात. या तयारीला लग्नसराईत आठ-पंधरा दिवस जातात. ब्लाउजवर आरीचं काम असेल तर महिनासुद्धा. शिवलेलं ब्लाउज नसेल, तर समोर कितीही सुंदर साडी असो, नवरीला ती नेसता येत नाही.

म्हणजे मृण्मयीने जे काय ठरवलं, ते आठ-पंधरा दिवस आधीच ठरवलं असणार, आणि ते एखाद्या शिवणाच्या दुकानात, काउंटरवर. तुमची कथा तिथे घडते. तुम्ही ती आरशासमोर नेऊन ठेवलीत, कारण आरशासमोर विचार करायला सोपं जातं. दुकानात विचार करायला वेळ नसतो, तिथे कुणीतरी कात्री हातात घेऊन उत्तराची वाट बघत असतं. कथेला हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट शेवटाची. दोन्ही साड्या नेसून झाल्या, तर निवड कुठे झाली? आपल्या लग्नात नवरी दिवसभरात तीन-चार साड्या बदलते. साखरपुड्याची वेगळी, हळदीची वेगळी, लग्नाचा शालू, मग पाठवणीची किंवा रिसेप्शनची. साड्या दोन आणि वेळा चार असतील, तर पेच पडतच नाही. वाचनगटातल्या बायका रडल्या त्या तुमच्या मृण्मयीसाठी नाही, त्यांना आपापली आई आठवली. तो परिणाम खरा आहे, पण तो विषयाचा आहे, कथेचा नाही. संपादकाच्या टेबलावर दर वर्षी दहा-बारा कथा तरी आई आणि साडी या विषयावरच्या येत असतील. मी स्वतः सहा-सात वर्षं एका अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम केलंय. त्यातल्या बहुतेकांचा शेवट ‘दोन्ही’ असाच असायचा.

म्हणून एकच वेळ पक्की करा. अक्षता पडताना अंगावर काय आहे, एवढंच बघायचं. बाकीच्या साड्यांचा कथेत उल्लेखही नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमच्या कथेत तो होता आणि तुमच्या लक्षात आला नाही, म्हणून मला जास्त हळहळ वाटली.

तुम्ही कराडच्या आहात, तुम्हाला यादी माहीत आहे. सोयरीक जुळली की बैठक बसते, दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसतात आणि कुणी काय करायचं ते एका कागदावर उतरवलं जातं. खाली सह्या होतात, सुपारी फुटते, साखर वाटली जाते. त्या कागदावर कपड्यांचं काय लिहिलेलं असतं? साधारण आपल्या भागात नवरीच्या अंगावरचे कपडे मुलाकडून, नवरदेवाचा पोशाख मुलीकडून. पुढे बस्ता बांधायला दोन्ही घरं एकाच दुकानात जातात, पण नवरीच्या शालूचे पैसे मुलाकडचे देतात. मामाच्या साडीलाही मान असतो. पिवळी असेल किंवा हिरवी, जशी घरची रीत असेल तशी. आत्याचा मान असतो, करवलीचा असतो. आईच्या साडीचा रकाना मात्र त्या यादीत नसतो. जिने मुलगी वाढवली तिच्याकडून नवरीच्या अंगावर काय यायचं, हे कुणी लिहीतच नाही.

हे लक्षात घेतलंत की तुमच्या कथेत दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे मृण्मयीच्या आईने लेकीला शालू देणं ही नुसती माया राहत नाही, ती यादीच्या बाहेरची गोष्ट होते. सासू शालू आणते ते तिचं ठरलेलं कर्तव्य आहे, सह्यांसकट. आई देते ते न विचारता. त्यामुळे सासूने नाक मुरडलं तर तिला वाईट ठरवायची गरज नाही. ठरल्याप्रमाणे ती वागली आहे, मोडलं समोरच्यांनी.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तुम्ही लिहिलंय की आईने स्वतःच्या लग्नातला शालू दिला. मग हिशेब करा. आईच्या लग्नातही यादी झाली असेल. तो शालू आईला कुणी घेतला होता? आईच्या सासूने. म्हणजे मृण्मयीच्या आजीने, वडिलांच्या आईने. तुम्ही पाचव्या पानापर्यंत ज्याला आईचा शालू म्हणत राहिलात, तो एका सासूने सुनेला घेतलेला शालू आहे. आज जो सासूचा म्हणून बाजूला ठेवलाय, तो तीस वर्षांनी कुणाच्या तरी कपाटातून ‘आईचा’ म्हणून निघणार आहे. दोन साड्यांत जो फरक आहे तो फक्त वर्षांचा आहे. ही गोष्ट कथेत कुणीही समजावून सांगू नये. कुणाच्या तरी एका साध्या प्रश्नातून वाचकाच्या लक्षात आली की झालं.

पुढे जायच्या आधी एक चूक, ती संपादकाच्या नजरेत नक्की आली असणार. ‘पैठणी शालू’ असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय आणि एका जागी त्याच्या पदरावर मोर नाचवलेत. दोन्हीतलं एक ठेवा. पैठणी ही पैठणची, आता मुख्यतः येवल्याची. तिच्या पदरावर मोर, वेली असतात आणि हातमागावरची खरी पैठणी उलटी करून पाहिली तरी पदर मागून पुढच्याइतकाच स्वच्छ दिसतो. आपण शालू म्हणतो तो बनारसी धाटणीचा, अंगभर जरीच्या बुट्ट्या किंवा जाळ असलेला. त्याच्या मागच्या बाजूला बुट्ट्यांचे धागे दिसतात, बांगडी अडकली की ओढलेही जातात. तुमच्या कथेला शालूच हवा, कारण यादीत लिहिला जातो तो शालू. मोर काढून टाका.

आणि जुना शालू लिहिताना तो हातात घेऊन लिहा. तुम्ही त्याला ‘आईच्या कुशीसारखा मऊ’ म्हटलंय. मी माझ्या आईचा शालू पुतणीच्या साखरपुड्याला नेसायचा म्हणून काढला होता. मऊ कसला, कागदासारखा झाला होता. तिसरी निरी घालताना चर्र असा आवाज आला आणि माझ्या हातात दोन निऱ्यांच्या मधोमध वीतभर उभी चीर आली. ओढाताण काही केली नव्हती. साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवली की रेशमाचे धागे त्या घडीवर थकतात, जरीची कड त्यांना आतून कुरतडते आणि बाहेरून काही दिसत नाही. आधी ओळखायचं असेल तर एक पदर उघडून खिडकीसमोर धरायचा. घडीच्या रेषांवर बारीक बारीक उजेड दिसायला लागला, तर ती साडी नेसायची राहिलेली नाही. मागून मलमल किंवा जाळी लावून ती वाचवता येते, पण ते सावकाशीचं काम असतं, मुहूर्त आठ दिवसांवर असताना कुणी हातात घेत नाही.

तुम्ही विचाराल, मग कथा लिहू कशी? मी माझ्या डोळ्यासमोर ती जशी उभी राहिली तशी सांगते. तुम्ही ती मोडून तुमची करा.

सुरुवात दुकानाच्या दारात. लग्नाला अकरा दिवस उरलेत. शिवणाऱ्या मावशींचं दुकान एका घराच्या पुढच्या खोलीत आहे, भिंतीवर खिळ्यांना तारखांच्या चिठ्ठ्या लावलेली ब्लाउजं लटकतायत. मृण्मयी होणाऱ्या सासूबरोबर आली आहे. तिला ती अजून ‘काकू’ म्हणते. काकूंच्या हातात नव्या शालूचा खोका आहे. मृण्मयीच्या खांद्यावर कापडी पिशवी, त्यात आईचा शालू आणि आईचं तेव्हाचं ब्लाउज. आई आलेली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. पिशवी देताना ‘पिकोचा दोरा उसवलाय, तेवढा बघून घे’ एवढंच म्हणाली. ‘लग्नात हाच नेस’ असं ती बोललेली नाही, आणि पूर्ण कथेत बोलू नये. यादीत ज्याला जागा नाही ते मागायचं कसं, हे तिला माहीत नाही, म्हणून तिने पिकोचं निमित्त काढलंय. हे मृण्मयीला कळलंय.

मावशी चष्मा कपाळावर चढवून सांगतात, ‘लग्नाआधी एकच होईल. बाकीचं नंतर घेऊन जा. कुठलं घेऊ?’

इथे तुमच्या पात्रांना पहिल्यांदा खरी अडचण येते. त्यांच्यापुढे एकच खिळा रिकामा आहे.

काकू खोका पुढे सरकवतात. मावशी शालू बघतात, ब्लाउज पीस शेवटी जोडलेला आहे तिथे बोट ठेवतात. नव्या साडीत साडेपाच मीटरनंतर सुमारे पाऊण मीटर कापड ब्लाउजचं असतं, ते कापलं की साडी परत दुकानात जात नाही. कात्री तिथे लावण्याआधी मावशी सहज विचारतात, ‘तुमच्या शालूचं ब्लाउज आणलंय का मापाला? बाह्यांची तऱ्हा बघितली असती.’ घरातल्या रीतीप्रमाणे बाह्या ठेवायची बऱ्याच सासवांना हौस असते, म्हणून हा प्रश्न. काकू म्हणतात, ‘माझ्याकडे नाही.’

‘फाटलं?’

‘माझा नव्हताच तो. जाऊबाईंचा होता. अक्षता पडल्या की संध्याकाळी घडी घालून परत दिला.’

बस्स. काकूंच्या तोंडी याहून एक शब्द जास्त नको. हा नवा शालू त्यांनी भिशीतून घेतलाय हे आधी कुठेतरी येऊ द्या. बारा बायकांची महिना दीड हजाराची भिशी, म्हणजे त्यांच्या पाळीला अठरा हजार आले आणि सगळे शालूला गेले. तुमच्या आत्ताच्या कथेत सासू श्रीमंत आहे आणि आई गरीब, त्यामुळे वाचकाने कुणाची बाजू घ्यायची ते पहिल्याच पानावर ठरून जातं. ही बाई श्रीमंत नाही. उसन्या शालूत उभी राहिलेली आहे. तिच्या लग्नाच्या फोटोत जो शालू दिसतो तो तिच्या कपाटात कधीच नव्हता. आता तिने आणलेल्या खोक्याचं वजन वाचकाच्या हाताला लागेल.

त्यानंतर मृण्मयी पिशवी उघडते. आधी उघडू देऊ नका. काकूंचं वाक्य ऐकल्यावर पिशवी उघडणं तिला जड गेलं पाहिजे, आणि तरी ती उघडते, कारण घरी आई पिकोची वाट बघते आहे.

मावशी आधी ब्लाउज उचलतात. शिवणारी बाई साडीच्या आधी नेहमी ब्लाउजच बघते. ते आतून उलटं करतात. आईचं माप तेव्हा बत्तीस, मृण्मयीचं छत्तीस. चार इंच वाढवायचेत. दोन्ही बाजूंच्या शिवणीत पुढचा आणि मागचा धरून चार कापडं येतात, प्रत्येकातून एक इंच मिळाला तर जमतं. मावशी शिवण बोटांनी चाचपून म्हणतात, ‘दीड इंच माया ठेवलीय. शिवणारा शहाणा होता. काख आणि बाही उसवली की बसेल तुला.’

तुम्हाला माहीतच आहे, शिवणीत आत दाबून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपण माया म्हणतो. या शब्दावर कोटी करायचा तुम्हाला भयंकर मोह होणार आहे. करू नका. मृण्मयीच्या मनात ‘आईची माया’ असलं एक वाक्य जरी आलं, तरी मी कथा मिटून ठेवीन. मावशींना तो शब्द त्यांच्या कामाचा म्हणून म्हणू द्या आणि पुढे जा. त्याऐवजी एक दिसणारी गोष्ट लिहा. त्या मायेचं कापड आत दबलेलं होतं, त्याला तीस वर्षांत ऊन, घाम काही लागलं नाही. बाहेरून ब्लाउज विटकरी झालंय आणि आतली ती पट्टी अजून डाळिंबी आहे. आई लग्नात कुठल्या रंगात उभी होती हे मृण्मयीला पहिल्यांदा दिसतं, कारण घरातल्या फोटोचेही रंग उडालेत.

वाचकाला आता वाटणार, चला, जमलं, आईचाच नेसणार. नेमक्या याच वेळी मावशी शालू उचलून खिडकीशी जातात आणि एक पदर उघडून उजेडात धरतात. घडीच्या रेषांवर उजेड. एक, दोन, तीन रेषा. मावशी काही बोलत नाहीत, अंगठ्याने एका जागी हलकेच दाबतात आणि कापड दोन धाग्यांनी सरकतं. ‘पिन लावलीस की जाईल ही,’ असं म्हणून त्या पदर अलगद जुन्याच घडीवर ठेवतात. ब्लाउज बसेल, पण साडी टिकणार नाही. पेच अशा जागी आणून सोडायचा, कारण आता सोपं उत्तर कुणाकडेच नाही. हट्ट धरला तर मृण्मयी तो शालू अजूनही नेसू शकते. अर्ध्या तासाचं काम, मंगलाष्टकं संपेपर्यंत बहुधा टिकेल. फाटला तर आईच्या डोळ्यांदेखत, सहाशे माणसांत फाटेल.

काकू तोवर त्या शालूकडे बघत असतात. त्या विचारतात, ‘तुझ्या आईला हा कुणी घेतला होता?’

‘आजीने.’

‘आईच्या आईने?’

‘नाही. बाबांच्या.’

मग शांतता. शिवणयंत्राचाही आवाज नको, मावशींचा पाय थांबलेला असू द्या. काकू तोच जुना पदर हातात घेतात, त्याची खालची कड बोटांनी सरळ करतात आणि जपून पिशवीत ठेवतात. त्यांना काय वाटलं ते लिहू नका. त्या घरातल्या एका सासूने सुनेला शालू दिला, तो परत मागितला नाही, तो तीस वर्षं तिचाच राहिला. ज्या बाईला संध्याकाळी घडी घालून परत द्यावा लागला होता, तिला यातून काय दिसलं असेल ते वाचक समजून घेईल.

मृण्मयी कुणाचा निवडते? तुम्ही इथे ताणून धरू नका. माझ्या मते ती खोक्याकडे बोट दाखवते. काकूंची दया येऊन नव्हे, आणि आईवरचं प्रेम आटूनही नव्हे. तिने उजेड बघितलाय. ती म्हणते, ‘हा घ्या.’ तुम्हाला उलटं करावंसं वाटलं, तर तेही लिहून बघा. जुना शालू नेसून ती उभी राहते, खांद्यावर पिन न लावता, पदर एका हाताने धरून. पण त्या शेवटाला लग्नाचा प्रसंग लागेल, माणसं लागतील, आणि तुमची कथा पुन्हा हॉलमध्ये जाईल. दुकानातच संपवली तर घट्ट राहील, म्हणून मी पहिला शेवट घेईन.

मावशी टेप काढतात, माप घेतात, वहीत उतरवतात. छाती छत्तीस, बाही अकरा, उंची साडेचौदा. त्या नवा ब्लाउज पीस कापायला घेतात आणि सगळ्या गिऱ्हाइकांना विचारतात तेच तिलाही विचारतात, ‘माया किती ठेवू?’

मृण्मयी काउंटरवरच्या आईच्या उलट्या ब्लाउजकडे बघते.

‘त्याच्यात आहे तेवढी.’

इथे पूर्णविराम. घरी गेल्यावर आईला काय वाटलं, लग्नात कोण रडलं, यातलं काहीही नको. आईचं दुःख वाचकाला कळावं म्हणून एक काम करा. मावशींनी जुन्या शालूचा उसवलेला पिको मशीनवर मारून दिला, त्याचे तीस रुपये घेतले, असं त्याच्या आधी एका वाक्यात टाका. मुलगी आईने सांगितलेलं निमित्त पुरं करून घरी परत नेतेय. वाचक त्या तीस रुपयांपाशी थांबेल.

आता थोडी डागडुजी. तुमचं पहिलं पान, लहानपणी आईच्या पदराला हात पुसण्याचं, जाऊ द्या. ते चांगलं लिहिलंय हे मान्य, पण ते दुसऱ्या कथेतलं आहे. वाचनगटाला आवडलेलं सासूचं ‘मीसुद्धा आईच आहे ना गं’ हे वाक्य काढताना हात थरथरेल, तरी काढा. नवरा अख्ख्या कथेत कुठे नाही, हे मला आवडलं, त्याला आणू नका. शब्दसंख्या तुमची बावीसशे होती, ही पंधराशेत बसेल आणि बसू द्या.

एक शंका तुमच्या मनात येईल म्हणून लिहिते. तुमच्या पलीकडच्या गल्लीतल्या घरात रीत वेगळी असू शकते. कुठे शालू मुलीकडचेच घेतात, कुठे हल्ली दोन्ही घरं खर्च अर्धा-अर्धा करतात, कुठे लग्न मामाच्या पिवळ्या साडीतच लागतं. त्या घरातली मृण्मयी वेगळी असेल आणि आजीचा प्रश्न तिथे चालणार नाही. म्हणून कथेत यादीचा कागद एकदा दाखवा. काकूंच्या पर्समध्ये चौघडी घालून ठेवलेला, ‘नवरीचा शालू – मुलाकडून’ ही ओळ निळ्या शाईत. दुकानात शिरताना त्या पैसे काढायला पर्स उघडतात, तेव्हा दिसला तरी पुरे. वाचक कुठल्याही जिल्ह्यातला असला तरी त्या घरातला नियम त्याला कळेल आणि आईने काय केलंय तेही.

पुन्हा लिहायला बसण्याआधी घरातला एखादा जुना शालू काढा, तुमचा किंवा सासूबाईंचा. त्याचं ब्लाउज आतून उलटं करा आणि शिवणीतली माया पट्टीने मोजा. डाळिंबी आणि विटकरी हे माझ्या घरातल्या ब्लाउजचे रंग आहेत, तुमच्या कथेत तुमच्या घरातले लिहा. आणि शालू परत ठेवताना घडी दुसऱ्या ठिकाणी घाला.